फिकट स्कॅनच बरा: जुने फोटो दुरुस्तीसाठी स्कॅन करताना

माझ्याकडे आजोबांचा एक तळहाताएवढा फोटो आहे, सहा बाय नऊ सेंटिमीटरचा. कृष्णधवल, कडेने पिवळा पडलेला, मधोमध आडवी घडी, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी सांडलेल्या निळ्या शाईचा थेंब. पहिल्यांदा तो स्कॅन करताना मी फार विचार केला नाही. फोटो काचेवर ठेवला, झाकण लावलं, स्कॅनरवरचं सगळ्यात मोठं बटण दाबलं. स्क्रीनवर जे आलं ते मूळ फोटोपेक्षाही टवटवीत दिसत होतं, म्हणून खूश झालो. पुढे पंधरा दिवस रोज रात्री बसून घडी भरली, डाग काढले.

मोठी प्रिंट काढायची वेळ आली तेव्हा आजोबांच्या शर्टाकडे लक्ष गेलं. शर्टच नव्हता, त्या जागी कोरा पांढरा तुकडा होता. मूळ फोटो भिंगाखाली धरला तर शर्टाच्या चुण्या, खिसा, खिशाला लावलेली पेनाची क्लिप, सगळं जागच्या जागी. स्कॅनरने फोटो "छान" करायच्या नादात ते उडवलं होतं. पंधरा दिवसांचं काम बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून एक नियम पाळतो. दुरुस्तीसाठी केलेला स्कॅन फिकट, पिवळट, मरगळलेला दिसला पाहिजे, म्हणजे मूळ फोटो जसा आहे तसाच. तो पाहताक्षणी आवडला तर समजायचं की स्कॅनरने मधे हात मारला आहे. खाली जे लिहिलंय ते कागदावरच्या प्रिंटबद्दल आहे. निगेटिव्ह आणि स्लाइडचं गणित वेगळं असतं.

काय काय लागेल

- सपाट काचेचा स्कॅनर. कागद आत ओढून घेणारा स्कॅनर जुन्या फोटोंसाठी वापरूच नका. तो वळवून, रोलरखालून नेतो आणि ठिसूळ फोटोला तिथेच तडा जातो.
- रबरी फुग्याचा ब्लोअर आणि एक मऊ, कोरडा ब्रश
- काचेसाठी मायक्रोफायबर कापड
- काळा, मॅट, जाडसर कागद, स्कॅनरच्या काचेएवढा
- भिंग आणि टेबल लॅम्प
- फाइल्ससाठी जागा, तीही दोन ठिकाणी. हिशेब पुढे दिला आहे.

## १. आधी फोटो लॅम्पखाली तिरका धरून पाहा

स्कॅनर सुरू करायच्या आधीची ही दोन मिनिटं. फोटो लॅम्पखाली धरून हळूहळू तिरका करत जा. समोरून न दिसणाऱ्या तीन गोष्टी अशा वेळी दिसतात.

पहिली, कागदाचा पोत. काही जुन्या प्रिंटच्या कागदावर मधाच्या पोळ्यासारखी किंवा कापडासारखी उठावदार नक्षी असते. ती असेल तर पायरी ८ तुमच्यासाठी आहे.

दुसरी, गडद भागांवर आलेली निळसर-चंदेरी झाक. कृष्णधवल फोटोतली चांदी वर्षानुवर्षं हवेतल्या वायूंमुळे पृष्ठभागावर येते, त्याची ही झाक. ती पुसून जात नाही, तेव्हा पुसायला जाऊ नका.

तिसरी, उचललेला किंवा तडकलेला थर. फोटोचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, किंवा फोटो इतका गुंडाळला गेला असेल की सरळ करताना करकर आवाज येतो, तर तो स्कॅनरखाली दाबायचा नाही. असा फोटो वरून कॅमेऱ्याने टिपणं जास्त सुरक्षित. अल्बमच्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

भिंगातून पाहिल्यावर चित्र बारीक ठिपक्यांच्या ओळींचं दिसलं, तर तो फोटो नसून छापील पानावरचं चित्र आहे. तो स्कॅन करताना ठिपक्यांमुळे लाटांसारखी जाळी उमटते. तेही चालवून घेता येतं, पण त्यासाठी जास्त रेझोल्यूशनवर स्कॅन करून मग आकार कमी करावा लागतो. या लेखात ते सोडून देतो.

## २. काच पुसा, फोटो पुसू नका

काच मायक्रोफायबरने पुसा. ओलावा हवाच असेल तर द्रव कापडावर घ्या, काचेवर थेट फवारू नका, कडेतून आत उतरतो आणि काचेच्या आतल्या बाजूला कायमचा डाग बसतो. फोटोवर फक्त ब्लोअर मारा आणि अगदी हलका ब्रश फिरवा. फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. फोटो कडेने धरा.

मग काचेवर काहीच न ठेवता, वर फक्त कोरा पांढरा कागद ठेवून एक स्कॅन करा. ही युक्ती मला उशिरा सुचली. त्या कोऱ्या स्कॅनमध्ये ठिपके दिसले तर ते काचेवरचे, आणि ते प्रत्येक फोटोत नेमके त्याच जागी येणार. पण वरपासून खालपर्यंत एक सरळ बारीक रेघ दिसली तर ठिपका काचेच्या त्या पट्टीवर आहे जिथे स्कॅनर सुरुवातीला स्वतःला जुळवून घेतो. ती पट्टी काचेच्या एका टोकाला, दिवा जिथून निघतो तिथे असते. ती बाहेरून पुसता येत असेल तर तेवढी पुसली की रेघ जाते. मी एकदा या रेघेला फोटोवरचा ओरखडा समजून सात फोटोंमधून हाताने काढली होती.

## ३. फोटोमागे काळा कागद

फोटो काचेवर पालथा ठेवला की त्याच्या मागे सहसा झाकणाचा पांढरा भाग येतो. जुन्या फोटोंच्या मागे तारीख, नावं, शिक्का असं काहीबाही असतं. पांढऱ्या झाकणावरून प्रकाश परत येतो आणि पातळ कागदातून मागचं लिखाण चेहऱ्यांवर उमटतं. काळा कागद मागे ठेवला की हे बरंच कमी होतं, आणि फाटलेल्या कडाही स्पष्ट वेगळ्या दिसतात.

फोटो काचेच्या कडेला टेकवून ठेवू नका, मधे ठेवा. कडेला टेकवला की बॉर्डरचा काही भाग कापला जातो, आणि ती बॉर्डर आपल्याला हवी आहे. कागदाचा मूळ रंग कुठे किती बदलला हे पुढे तिच्यावरूनच कळतं. थोडा वाकडा बसला तर काचेवर न घासता हलकेच सरळ करा. सॉफ्टवेअरने फिरवलं की प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि बारीक तपशील किंचित मऊ पडतो.

एक गोष्ट स्कॅनरच्या जातीची. पातळ, फक्त यूएसबी वायरवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस सेन्सरचे असतात. त्यांचा फोकस काचेला अगदी चिकटून असतो. फोटोचा कोपरा दोन मिलिमीटर जरी वर उचलला तरी तो धूसर येतो. सीसीडी सेन्सरचे जाडजूड स्कॅनर याबाबतीत क्षमाशील असतात. तुमचा सीआयएस असेल तर झाकणावर एक मध्यम वजनाचं पुस्तक ठेवून बघा. पण वर सांगितलेल्या करकरणाऱ्या फोटोंवर मात्र नको.

## ४. स्कॅनरची सगळी हुशारी बंद करा

आता सॉफ्टवेअर. स्कॅनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोपा मोड असतो आणि एक सविस्तर. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, `Professional Mode` किंवा `Advanced Mode` असं काहीतरी असतं. तिथे जा आणि पुढच्या गोष्टी शोधून बंद करा:

- `Auto Exposure` आणि `Auto Color`
- `Unsharp Mask` किंवा नुसतं `Sharpen`
- `Dust Removal`
- `Color Restoration` किंवा `Fading Correction`
- `Backlight Correction`
- `Grain Reduction`

यातल्या `Dust Removal` वर लोकांचा सगळ्यात जास्त जीव असतो, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. फिल्म स्कॅन करताना काही स्कॅनर अवरक्त प्रकाशाने धूळ खरोखरच ओळखतात. कागदी प्रिंटवर मात्र हे बटण बहुतेक वेळा नुसता अंदाज असतो: आजूबाजूच्या मानाने एखादा ठिपका खूप उजळ किंवा खूप गडद दिसला की ती धूळ. या व्याख्येत डोळ्यातला चमकणारा बिंदू बसतो, कानातलं बसतं, शर्टाचं बटण बसतं. माझ्या आजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांतली चमक पहिल्या स्कॅनमध्ये अशीच गेली होती आणि डोळे मेल्यासारखे दिसत होते.

शार्पनिंगचा त्रास वेगळा आहे. ते प्रत्येक कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद बारीक रेघ आखतं. चेहऱ्याच्या कडेला ते बरं वाटतं, पण ओरखड्यालाही दोन कडा असतात. एक ओरखडा भरायचा तर आता तीन रेघा भराव्या लागतात.

आणि लपलेला सापळा: बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये `Preview` पुन्हा दाबलं की ऑटो एक्स्पोजर आपोआप परत चालू होतं. तेव्हा प्रत्येक प्रीव्ह्यूनंतर, शेवटचं `Scan` दाबायच्या आधी, ही यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

## ५. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत स्कॅन करा

नवे लोक सर्वात जास्त इथे चुकतात, आणि चूक स्वाभाविक आहे. फोटोत रंगच नाहीत, मग `Grayscale` निवडलं तर काय बिघडलं? फोटोत रंग नाहीत, पण खराबीला रंग आहे.

रंगीत स्कॅन म्हणजे प्रत्यक्षात तीन वेगळी कृष्णधवल चित्रं असतात: लाल, हिरवं आणि निळं चॅनल. पिवळा किंवा तपकिरी डाग निळा प्रकाश शोषून घेतो आणि लाल प्रकाश बराचसा परत पाठवतो. त्यामुळे तो डाग निळ्या चॅनलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. निळ्या शाईचं नेमकं उलटं. ती लाल प्रकाश शोषते, म्हणून लाल चॅनलमध्ये ठळक आणि निळ्यात फिकी.

आजोबांच्या फोटोत दोन्ही होतं. दुसऱ्या स्कॅननंतर मी फाइल जिम्प या फुकट मिळणाऱ्या फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि `Colors > Components > Decompose` मधून तीन चॅनल वेगळी केली. लाल चॅनलमध्ये कडेचा पिवळेपणा आणि डाव्या बाजूचा चहासारखा डाग गेला होता, फक्त त्याची कड पुसटशी दिसत होती. शाईचा थेंब मात्र तिथे ठसठशीत. मग निळं चॅनल उघडलं. सगळा फोटो गलिच्छ दिसत होता, पण शाईच्या थेंबाखालच्या विटा दिसत होत्या, एकेक वीट. मी लाल चॅनल मुख्य चित्र म्हणून घेतलं, शाईच्या थेंबाएवढा तुकडा निळ्या चॅनलमधून उचलून उजळपणा जुळवला आणि वर बसवला. पहिल्या खेपेला जे दोन संध्याकाळी क्लोन ब्रशने भिंत "रंगवून" केलं होतं, ते आता वीस मिनिटांत झालं, आणि भिंत खरी होती, माझ्या कल्पनेतली नव्हती.

`Grayscale` स्कॅन केला असता तर ही तीन चित्रं स्कॅनरने आधीच एकत्र कालवून दिली असती. कालवलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही.

## ६. `48-bit Color` आणि टिफ

फिकट पडलेल्या फोटोत काळं हे खरं काळं राहिलेलं नसतं आणि पांढरं खरं पांढरं नसतं. ० म्हणजे पूर्ण काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरं धरलं, तर समजा फोटोतलं सगळं चित्र ९० ते १९० यांच्यामध्ये कोंबलेलं आहे. `24-bit Color` मध्ये प्रत्येक चॅनलला एकूण २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे तुमच्या चित्राच्या वाट्याला फक्त शंभर. दुरुस्ती करताना तुम्ही हे चित्र ० ते २५५ पर्यंत ताणता. शंभर पायऱ्या तेवढ्या जागेत पसरल्या की मधे फटी पडतात. गालावर, आकाशात, भिंतीवर जिथे छटा हळूहळू बदलते तिथे पट्टे दिसायला लागतात.

`48-bit Color` मध्ये प्रत्येक चॅनलला ६५,५३६ पायऱ्यांची जागा असते. स्कॅनर प्रत्यक्षात त्या सगळ्या विश्वासाने भरतो असं नाही, पण २५६ पेक्षा कितीतरी जास्त भरतो, आणि ताणायला तेवढं पुरतं.

जतन करताना फाइलचा प्रकार टिफ निवडा. जेपेगमध्ये एका चॅनलला २५६ च पायऱ्या मिळतात, म्हणजे वरचा सगळा खटाटोप जतन करतानाच वाया जातो. शिवाय जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं. ओरखड्याच्या आसपास हे चौकोन सगळ्यात जास्त दिसतात, आणि हीलिंग ब्रश नेमका तिथूनच नमुना उचलून चेहऱ्यावर पसरवतो. नातेवाइकांना पाठवायला जेपेग ठीक आहे. तो टिफवरून नंतर काढा.

कलर प्रोफाइल जोडायचा पर्याय असेल तर चालू ठेवा. `sRGB` की `Adobe RGB` यावर लोक तासन्‌तास भांडतात. फिकट जुन्या प्रिंटसाठी मला त्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. एक निवडा आणि सगळ्या फोटोंना तेच ठेवा.

## ७. रेझोल्यूशन: फोटोला विचारा

आता ज्यासाठी बहुतेक जण हा लेख उघडतील ते. किती डीपीआय, म्हणजे फोटोच्या दर इंचाला किती पिक्सेल?

झटपट उत्तर हवं असेल तर ६००. नेहमीच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटसाठी हे पुरून उरतं. पण आकडा कुठून येतो ते कळलं तर प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. त्याला दोन बाजू आहेत: तुम्हाला किती मोठं करायचंय, आणि फोटोत मुळात किती तपशील आहे.

पहिली बाजू सरळ गुणाकाराची. चांगली प्रिंट काढायला साधारण ३०० पिक्सेल दर इंची लागतात. म्हणून:

```
स्कॅन डीपीआय = ३०० × जितके पट मोठं करायचं
```

आजोबांचा फोटो सहा बाय नऊ सेंटिमीटर. ३०० ला स्कॅन केला तर प्रिंट मूळ आकाराचीच निघेल. ६०० ला केला तर १४१७ बाय २१२६ पिक्सेल मिळतात आणि दुपटीने, म्हणजे बारा बाय अठरा सेंटिमीटरची प्रिंट निघते. मला भिंतीवर लावायला चोवीस बाय छत्तीस हवी होती, चौपट. म्हणजे १२००.

दुसरी बाजू मात्र गुणाकाराने सुटत नाही. फोटोत तपशीलच नसेल तर १२०० ला स्कॅन करून फक्त धूसरपणा मोठा होतो. जुन्या प्रिंट दोन प्रकारे बनत. निगेटिव्ह कागदाला थेट चिकटवून काढलेल्या प्रिंट, ज्या निगेटिव्हच्याच आकाराच्या असतात, त्या थक्क करणाऱ्या बारकाईच्या असू शकतात. आणि छोट्या निगेटिव्हवरून मोठ्या केलेल्या प्रिंट, ज्यांत ३०० डीपीआयच्या पुढे बहुधा काहीच नसतं. कुठली कुठली आहे हे नुसतं पाहून सांगता येत नाही, म्हणून चाचणी करा.

प्रीव्ह्यूमध्ये दोन सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यात सर्वात बारीक काहीतरी असू द्या: डोळा, पापण्या, पाटीवरची अक्षरं, साडीचा काठ. तेवढाच तुकडा तीनदा स्कॅन करा, ३००, ६०० आणि १२०० ला. मग तिन्ही स्क्रीनवर एकाच आकाराचे दिसतील असे शेजारी ठेवा. एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या आकड्यात मला काही नवीन दिसतंय का? आधी एक काळा ठिपका होता तिथे आता पापण्या वेगळ्या दिसतायत? की फक्त कागदाचे तंतू आणि धुळीचे कण जास्त स्पष्ट झालेत?

आजोबांच्या फोटोत मी पेनाची क्लिप निवडली होती. ३०० ला ती एक उजळ रेघ होती. ६०० ला तिला वरचा गोल भाग आला. १२०० ला गोल भाग तसाच राहिला, मात्र कागदाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे दिसायला लागले. म्हणजे या प्रिंटमधला तपशील ६०० च्या आसपास संपतो. तरी मी स्कॅन १२०० ला केला, एका वेगळ्याच कारणासाठी: घडीची चीर. ६०० ला ती चीर दोन-तीन पिक्सेल रुंद होती आणि तिच्या कडा शेजारच्या चेहऱ्यात मिसळत होत्या. १२०० ला ती सहा पिक्सेलची स्वच्छ रेघ झाली, जी निवडणं आणि भरणं सोपं गेलं. खराबीही तपशीलच आहे, आणि ती काढायची असेल तर ती नीट दिसली पाहिजे.

त्याच डब्यातले बाकीचे चाळीसेक फोटो मी ६०० लाच केले. कुठलाही भिंतीवर जाणार नव्हता.

१२०० च्या पुढे प्रिंटसाठी जायचं कारण मला आजवर भेटलेलं नाही. खोक्यावर छापलेला मोठा आकडा, ९६०० वगैरे, बऱ्याचदा सॉफ्टवेअरने मधले पिक्सेल अंदाजाने भरून केलेला असतो. माहितीपत्रकात `Optical Resolution` शोधा, आणि त्याच्या वर कधी जाऊ नका.

जागेचा हिशेब: ४८ बिटमध्ये एका पिक्सेलला सहा बाइट लागतात. आजोबांचा फोटो १२०० ला २८३५ गुणिले ४२५२ पिक्सेल, म्हणजे सुमारे ७२ एमबी. ६०० ला तोच १८ एमबी. डीपीआय दुप्पट केलं की फाइल चौपट होते. चार बाय सहा इंची फोटो ६०० ला सुमारे ५२ एमबी, १२०० ला २०० च्या वर. शंभर फोटोंचा डबा घेऊन बसण्याआधी हा गुणाकार करून घ्या.

## ८. पोत किंवा घडी असेल तर दोनदा स्कॅन

बहुतेक सपाट स्कॅनरमध्ये प्रकाश एका बाजूने तिरका पडतो. म्हणून घडीचा उंचवटा, पोताची नक्षी, प्रत्येकाची एक छोटी सावली पडते, नेहमी एकाच बाजूला. फोटो काचेवर अर्धा गोल फिरवून पुन्हा स्कॅन केला तर सावली फोटोच्या दुसऱ्या बाजूला पडते. दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली की सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात आणि खरं चित्र राहतं.

जिम्पमध्ये असं करतो: दुसरा स्कॅन १८० अंशांत फिरवून पहिल्याच्या वर नवा लेयर म्हणून ठेवायचा. वरच्या लेयरचा मोड `Difference` करायचा आणि चित्र जास्तीत जास्त काळं होईपर्यंत लेयर सरकवायचा. काळं म्हणजे दोन्ही बरोबर जुळले. मग मोड पुन्हा `Normal` आणि ओपॅसिटी ५० टक्के. झाली सरासरी.

पोताच्या कागदासाठी चारही दिशांना स्कॅन केले तर आणखी चांगलं. तेव्हा खालून वर लेयरची ओपॅसिटी १००, ५०, ३३ आणि २५ अशी ठेवायची, म्हणजे चारही सारखे मिसळतात.

मर्यादाही सांगतो. स्कॅनरचा दिवा पुढे सरकताना अगदी एकसारख्या वेगाने सरकत नाही, त्यामुळे दोन स्कॅन मधोमध जुळवले तर टोकांना एखाद-दोन पिक्सेलने हलतात. चेहऱ्याशी जुळवा आणि कडा सोडून द्या. सगळ्या स्कॅनना सेटिंग तंतोतंत तेच हवं, ऑटो एक्स्पोजर चालू राहिलं तर जुळवणी फसते. घडीवर थर खरोखरच निघून गेला असेल तर तिथे अर्थातच काही परत येत नाही. फक्त सावली जाते आणि खरं भगदाड किती आहे ते कळतं. आजोबांच्या फोटोत ते मला वाटलं होतं त्याच्या निम्मंच निघालं.

## ९. फोटो काचेवरून उचलण्याआधी तपासा

फाइल उघडा आणि हिस्टोग्राम पाहा, तिन्ही चॅनलचा वेगवेगळा. कुठल्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा हा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. टेकडी दोन्ही टोकांना जमिनीवर उतरलेली हवी, मधे कुठेतरी सुरू होऊन मधेच संपणारी. उजव्या भिंतीला उभी रेघ चिकटलेली दिसली तर तिथलं पांढरं जळलं आहे. माझ्या पहिल्या स्कॅनमध्ये ती रेघ होती, लाल चॅनलमध्ये, आणि मला तेव्हा हिस्टोग्राम म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. डाव्या भिंतीला रेघ असेल तर आधी पाहा की ती काळ्या कागदाची तर नाही. फक्त फोटोचा भाग निवडून हिस्टोग्राम पुन्हा बघा.

मग चित्र १०० टक्क्यांवर आणा आणि तीन जागी जा. सर्वात उजळ कपडा, त्यात विणीचा किंवा चुण्यांचा माग लागतोय का. सर्वात गडद केस किंवा कोट, त्यात काही वेगळं दिसतंय का. आणि चार कोपरे, ते मधल्या भागाइतकेच तीक्ष्ण आहेत का. कोपरा धूसर असेल तर फोटो उचलला गेलाय. पुस्तक ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा.

आता फोटो उलटा करून मागची बाजूही स्कॅन करा. तिला ३०० डीपीआय आणि २४ बिट पुरे. फाइलचं नाव असं ठेवतो की महिन्यानेही समजावं:

```
dabba2_017_front_1200_master.tif
dabba2_017_back.tif
```

`master` वर कधीच काम करायचं नाही. तिची प्रत काढून त्या प्रतीवर दुरुस्ती, आणि मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर गेल्याची खात्री झाली की मगच फोटो काचेवरून उचलून पाकिटात. आजोबांच्या फोटोच्या मागे पेन्सिलने चार नावं होती, डावीकडून उजवीकडे. काळा कागद न लावलेल्या पहिल्या स्कॅनमध्ये त्यातलं दुसरं नाव पुसटसं उलट्या अक्षरांत भिंतीवर उमटलं होतं, आणि मी ते डाग समजून पुसून टाकलं होतं.